तांदळाच्या एका दाण्याएवढा फॉस्फरस

गेली काही वर्षे मी कृष्णाकाठच्या लहान-मोठ्या गावांतील वाचनालयांत आणि शाळांत 'रेडिओच्या पोटात काय असते' या विषयावर बोलत आलो आहे. मी पदवीने वाणिज्य शाखेचा. विजेबद्दल जे काही कळते ते जुने रेडिओ उघडून, रद्दीतून मिळालेली पुस्तके वाचून आणि पुष्कळशा चुका करून कळलेले. त्यातली एक चूक मी बरीच वर्षे श्रोत्यांनाही देत होतो. हा लेख त्या चुकीपासून सुरू करणे भाग आहे.

माझ्या व्याख्यानात एक ठरलेला प्रयोग असे. साठ वॅटचा जुना पिवळा दिवा घ्यायचा आणि गार असताना त्याचा रोध मीटरने मोजायचा. तो साठ-सत्तर ओहम भरतो. मग दिवा पेटवायचा. आता मीटर लावायची गरज नाही. २३० व्होल्टवर ६० वॅट म्हणजे हिशेबाने सुमारे ८८० ओहम. तापल्यावर तारेचा रोध बारा-चौदा पट वाढला. त्यानंतर खिशातून जुन्या रेडिओतला जर्मेनियमचा डायोड काढायचा, त्याला उलट्या दिशेने मीटर लावायचा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायचा. नुसत्या बोटांच्या उबेने काटा सरकू लागतो, रोध उतरत जातो. मुलांना हे फार आवडे. मी विजयी मुद्रेने सांगत असे, 'तापल्यावर रोध वाढला तर धातू, घटला तर अर्धवाहक.'

एकदा या प्रयोगात भर म्हणून मी तापमान मोजायचा एक सिलिकॉनचा सेन्सर नेला. शुद्ध धातूचा नव्हे, अस्सल सिलिकॉनचा. पंचवीस अंशाला त्याचा रोध हजार ओहम. थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवला आणि मीटर वर चढू लागला. चौदाशे, पंधराशे. मी मीटरची तार हलवून पाहिली, बॅटरी बदलली, आणि शेवटी 'मीटर बिघडलेला दिसतो' म्हणून वेळ मारून नेली. पुढच्या बाकावरच्या नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग सिलिकॉन धातू आहे का?"

मीटर बिघडलेला नव्हता. बिघडलेली होती ती माझी व्याख्या. त्या मुलीच्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळवायला मला पुढे बराच वेळ लागला, आणि ते उत्तर पदार्थाच्या आत इलेक्ट्रॉनांना कुठे जागा आहे आणि कुठे नाही, या हिशेबात सापडले.

मजेची गोष्ट अशी की, माझ्या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग फार जुना आहे. १८३३ साली मायकेल फॅरेडेने सिल्व्हर सल्फाइड तापवून पाहिले आणि धातूच्या अगदी उलट वागणूक त्याला दिसली: पदार्थ तापेल तसा वीज अधिक वाहू देतो. फॅरेडेने ते नोंदवले, पण कारण त्याला सांगता येणे शक्य नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोधच अजून सहा दशके दूर होता. पुढे इलेक्ट्रॉन सापडल्यावर एक सोपे चित्र रूढ झाले. तांब्यातले इलेक्ट्रॉन सैल, काचेतले घट्ट, आणि अर्धवाहकातले मध्यम. आपल्या शालेय पुस्तकांतून अजूनही हेच चित्र डोकावते. ते साफ खोटे नाही, पण ज्या प्रश्नाचे उत्तर हवे तिथेच ते गप्प बसते. हिरा आणि सिलिकॉन दोघांची रचना सारखीच. प्रत्येक अणूला बाहेरचे चार इलेक्ट्रॉन, प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला. मग एक पक्का रोधक आणि दुसरा अर्धवाहक का? आणि मॅग्नेशियमचे इलेक्ट्रॉन जोडीने व्यवस्थित बसलेले असूनही तो धातू कसा?

उत्तर दोन टप्प्यांत आले. १९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख याने दाखवले की, नीटनेटक्या रचलेल्या अणूंच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन कुठल्याही एका अणूला बांधलेला नसतो. तो लाटेसारखा सगळ्या स्फटिकभर पसरलेला असतो. म्हणजे हिऱ्यातला इलेक्ट्रॉनसुद्धा या अर्थाने 'मोकळा'च! तेव्हा प्रश्न उलटा झाला: सगळेच मोकळे असतील तर सगळेच पदार्थ वाहक का नाहीत? १९३१ मध्ये केंब्रिजहून लाइपझिगला आलेल्या ॲलन विल्सन या तरुणाने त्याचे उत्तर दिले. ते उत्तर म्हणजे आजचा ऊर्जापट्ट्यांचा सिद्धांत.

सुट्या अणूत इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जेच्याच पातळ्या मिळतात, मधल्या नाहीत. एका पातळीवर दोनच इलेक्ट्रॉन मावतात. आता दोन सारखे अणू जवळ आणले की त्यांच्या सारख्या पातळ्या सारख्या राहू शकत नाहीत. त्यांची फाटाफूट होऊन एक किंचित खाली सरकते, एक किंचित वर. तीन अणू आणले तर तीन. साखरेच्या दाण्याएवढ्या स्फटिकात अब्जावधी अब्ज अणू असतात, तेव्हा पातळ्याही तितक्याच आणि एकमेकींना इतक्या चिकटून की त्यांचा सलग पट्टाच दिसावा. अणूच्या एका पातळीचा असा एक पट्टा, दुसरीचा दुसरा. दोन पट्ट्यांच्या मध्ये मात्र अशी जागा राहू शकते जिथे एकही पातळी नाही. तिथल्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन त्या स्फटिकात असूच शकत नाही. या रिकाम्या जागेला निषिद्ध अंतर म्हणतात.

नाट्यगृहाची उपमा घेऊ. खाली प्रेक्षागार, वर बाल्कनी, मध्ये नुसती भिंत. खालचा मजला पूर्ण भरला आहे, एकही खुर्ची रिकामी नाही. अशा वेळी सगळ्यांनी डावीकडे सरकायचे ठरवले तरी सरकणार कुठे? भरलेल्या पट्ट्यात विजेचा प्रवाह होत नाही तो असा. (उपमेची मर्यादा इथेच सांगून टाकतो. नाट्यगृहातली माणसे बसून असतात. भरलेल्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन स्वस्थ बसलेले नसतात, धावतच असतात. पण उजवीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तितक्याच वेगाने डावीकडे जाणारा जोडीदार असतो, आणि बाहेरच्या विद्युत दाबाने हा समतोल बिघडवायला रिकामी पातळी हवी, ती नसते. बेरीज शून्य.)

यावरून वर्गवारी आपोआप पडते. सोडियमच्या अणूला बाहेरचा एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे त्याचा पट्टा निम्माच भरतो. भरपूर रिकाम्या खुर्च्या, तो धातू. मॅग्नेशियमला दोन, त्यामुळे हिशेबाने पट्टा भरायला हवा. पण तिथे वरचा पट्टा खालच्यावर चढलेला आहे, मध्ये भिंतच नाही. खालचे थोडे वर सांडतात, दोन्हीकडे रिकाम्या जागा राहतात, तोही धातू. हिरा आणि सिलिकॉन यांच्यात मात्र चार-चार इलेक्ट्रॉनांनी खालचा पट्टा, ज्याला संयुजा पट्टा म्हणतात, तो काठोकाठ भरतो. वरचा वहन पट्टा रिकामा. मध्ये निषिद्ध अंतर. म्हणजे तत्त्वतः दोघेही रोधकच! विल्सनच्या सिद्धांतातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही की, त्याने अर्धवाहक नावाची वेगळी जातच ठेवली नाही. रोधक आणि अर्धवाहक यांच्यात फरक आहे तो फक्त भिंतीच्या उंचीचा.

ही उंची इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात. सिलिकॉनची १.१, हिऱ्याची सुमारे ५.५. आकडा पाचपटच मोठा, पण परिणाम पाचपट नाही. खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे मिळणारी सरासरी चालना अवघी ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. एवढ्या हिसक्यावर १.१ ची भिंत ओलांडणारा इलेक्ट्रॉन क्वचितच निघणार. हिशेब केला तर एका घन सेंटिमीटर शुद्ध सिलिकॉनमध्ये वहन पट्ट्यात चढलेले इलेक्ट्रॉन सुमारे एक हजार कोटी निघतात. संख्या मोठी वाटते, पण त्याच घन सेंटिमीटरमध्ये सिलिकॉनचे अणू इतके आहेत की, पाच लाख कोटी अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन, असे प्रमाण पडते. तांब्यात प्रत्येक अणूमागे एक.

आता हिरा. भिंत पाचपट, पण उडी मारण्याची शक्यता घातांकाने कमी होत जाते. तोच हिशेब हिऱ्यासाठी केला तेव्हा मला उत्तर चुकले असे वाटले, म्हणून मी तो तीनदा केला. एका घन सेंटिमीटरमध्ये एकही नाही, एका खोलीएवढ्या हिऱ्यातही नाही. पृथ्वीएवढा निखळ, निर्दोष हिरा घेतला, तर खोलीच्या तापमानाला त्यात एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन वर चढलेला सापडेल. 'रोधक' या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

भिंतीची उंची डोळ्यांनीही पाहता येते. दृश्य प्रकाशाचे कण तांबड्या टोकाला सुमारे १.८ आणि जांभळ्या टोकाला ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे असतात. हिऱ्याची भिंत यापेक्षा पुष्कळ उंच, म्हणून कुठलाही रंग इलेक्ट्रॉनला वर नेऊ शकत नाही. प्रकाश आरपार जातो आणि हिरा पारदर्शक दिसतो. सिलिकॉनची भिंत सगळ्या रंगांपेक्षा ठेंगणी, म्हणून तो सगळे रंग गिळतो. सिलिकॉनचा तुकडा करडा, धातूसारखा चकचकीत दिसतो. कॅडमियम सल्फाइडची भिंत २.४, म्हणजे हिरव्याच्या आसपास. तो निळा-जांभळा गिळतो, तांबडा-पिवळा सोडतो. चित्रकारांचा कॅडमियम यलो तो हाच. रस्त्यावरच्या दिव्यांत अंधार ओळखायला जो प्रकाश-संवेदी रोधक वापरत, त्याच्यावरची नागमोडी पिवळी-केशरी पट्टी बहुधा याचीच असते.

इथवरच्या वर्णनात एक अडचण आहे. शुद्ध सिलिकॉन जवळजवळ निरुपयोगी आहे. पाच लाख कोटींत एक, हे प्रमाण घेऊन कुणी ट्रान्झिस्टर बनवणार नाही. उपयोगाचे सगळे काही अशुद्धीतून येते, आणि ती गोष्ट माणसाला प्रथम नाकाने कळली.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत रसेल ओल नावाचा संशोधक १९३० च्या दशकात सिलिकॉनच्या मागे लागला होता. त्याला अतिलघु लहरींसाठी चांगला डिटेक्टर हवा होता. स्फटिकावर तारेचे टोक टेकवून लहरी पकडायची पद्धत त्याच्या आधीची. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिनाच्या डिटेक्टरसाठी घेतलेले अमेरिकन पेटंट १९०४ चे आहे. पण सिलिकॉनचे तुकडे लहरी होते. एकच तुकडा एका जागी वीज एका दिशेने जाऊ देई, तर दुसऱ्या जागी उलट दिशेने. ओलने शुद्ध सिलिकॉनचा आग्रह धरला. त्याचे सहकारी जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्युरर सिलिकॉन वितळवून सावकाश गोठवत आणि त्यातून कांड्या कापून देत.

२३ फेब्रुवारी १९४० रोजी अशाच एका कांडीने, जिच्या मध्यावर चीर होती, विलक्षण वर्तन केले. तिच्यावर दिव्याचा उजेड पडला की तिच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ अर्धा व्होल्ट दाब तयार होई. उजेड काढला की दाब नाहीसा. त्या काळच्या फोटोसेलपेक्षा हा परिणाम कितीतरी मोठा होता. प्रयोगशाळेतले वॉल्टर ब्रॅटेन यांना तो दाखवला तेव्हा त्यांचा आधी विश्वासच बसला नाही. कांडीच्या एका बाजूचे सिलिकॉन एका जातीचे, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या जातीचे आणि मध्ये कुठेतरी सीमा, एवढे लक्षात आले. या जातींना त्यांनी विजेच्या चिन्हांवरून 'पी' आणि 'एन' अशी नावे दिली. पण जाती झाल्या कशामुळे? रासायनिक पृथक्करणात काही सापडेना. दोन्ही बाजू सारख्याच शुद्ध दिसत.

एन जातीचे सिलिकॉन कापताना-फोडताना एक वास येई. थ्युरर आणि स्कॅफ यांना तो ओळखीचा वाटला: ॲसिटिलीनचा. वेल्डिंगच्या दुकानात किंवा कार्बाईड घालून आंबे पिकवणाऱ्याच्या वखारीत जो उग्र, लसणासारखा वास येतो, तोच. पण शुद्ध ॲसिटिलीनला हा वास नसतो. तो असतो कार्बाईडमध्ये मिसळलेल्या फॉस्फरसमुळे निघणाऱ्या फॉस्फिन वायूचा. म्हणजे एन सिलिकॉनमध्ये फॉस्फरस होता. प्रयोगशाळेच्या उपकरणांना न सापडण्याइतका थोडा, पण माणसाच्या नाकाला पुरेसा! पी बाजूचा गुन्हेगार बोरॉन निघाला.

एकाच कांडीत दोन बाजू का झाल्या, याचे उत्तर गोठण्याच्या क्रियेत आहे. वितळलेले सिलिकॉन घट्ट होताना बोरॉन बराचसा घनात जातो. द्रवात जितका आहे त्याच्या ऐंशी टक्के. फॉस्फरस मात्र पस्तीस टक्केच जातो, उरलेला द्रवातच राहतो. म्हणजे गोठत गोठत पुढे जाताना मागे उरणारा द्रव फॉस्फरसने घट्ट होत जातो. आधी गोठलेल्या टोकाला बोरॉनचे वर्चस्व, शेवटी गोठलेल्या टोकाला फॉस्फरसचे, आणि मध्ये कुठेतरी दोघांची बरोबरी. ही सीमा कुणी बनवली नव्हती. ती सावकाश थंड होण्याने आपोआप पडली होती. आज कारखान्यांत वितळलेल्या सिलिकॉनमधून अखंड स्फटिक ओढून काढतात तेव्हाही हाच नियम आड येतो. फॉस्फरस घातलेल्या स्फटिकाचे शेंड्याकडचे आणि शेपटीकडचे टोक सारखे भरत नाही. टोकापासून टोकापर्यंत रोध मोजत जायचा आणि जो भाग मर्यादेबाहेर जाईल तो कापून पुन्हा वितळवायला टाकायचा, हा त्यावरचा उपाय.

एक फॉस्फरसचा अणू नेमके काय करतो? तो सिलिकॉनच्या अणूची जागा घेतो. सिलिकॉनला चार इलेक्ट्रॉन, याला पाच. चार शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात चार खर्ची पडले, पाचवा उरला. खालच्या पट्ट्यात त्याला जागा नाही, तो भरलेला आहे. हा पाचवा इलेक्ट्रॉन फॉस्फरसच्या केंद्राला बांधलेला तर असतो, पण भोवतीच्या सिलिकॉनच्या गर्दीमुळे ती ओढ फार क्षीण होते. त्याला वहन पट्ट्यात जायला ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. १.१ ची भिंत त्याला चढायचीच नाही. तो बाल्कनीच्या दाराशीच, शेवटच्या पायरीवर उभा आहे. खोलीच्या उबेवर असे जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन आत गेलेले असतात.

बोरॉनचे उलटे. त्याच्याकडे तीनच इलेक्ट्रॉन, चौथा बंध अपुरा. शेजारच्या बंधातला इलेक्ट्रॉन तितक्याच थोड्या ऊर्जेत तिथे येऊन बसतो आणि आपल्या मागे खालच्या भरलेल्या पट्ट्यात एक रिकामी जागा ठेवतो. भरलेल्या प्रेक्षागारात एक खुर्ची मोकळी झाली. शेजारचा तिथे सरकला, त्याच्या शेजारचा त्याच्या जागी; पाहणाऱ्याला रिकामी खुर्चीच उलट्या दिशेने चालत गेल्यासारखी दिसते. या चालत्या रिकाम्या जागेला होल म्हणतात आणि विजेच्या हिशेबात ती धन भाराच्या कणासारखी वागते.

या ठिकाणी बहुतेक जण एक चूक करतात, मीही केली होती. एन म्हणजे निगेटिव्ह, तेव्हा तो तुकडा ऋण भारित असणार असे वाटते. तसे नाही. फॉस्फरसने एक इलेक्ट्रॉन जास्त आणला, पण आपल्या केंद्रात एक प्रोटॉनही जास्त आणला. तुकडा एकूण तटस्थच. जास्त आहेत ते फिरते इलेक्ट्रॉन; त्यांचा धन जोडीदार मात्र जागेवर खिळलेला आहे. पी आणि एन एकमेकांना चिकटतात त्या सीमेवरच हे बिघडते. तिथे एनमधले इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात आणि दोन्हीकडे खिळलेले भार उघडे पडतात. त्यातून सीमेवर कायमचा विद्युत दाब तयार होतो. ओलच्या कांडीवर उजेड पडला की प्रकाशकण इलेक्ट्रॉनला भिंतीपलीकडे उचलत, आणि हा सीमेवरचा दाब इलेक्ट्रॉनला एनकडे, होलला पीकडे ढकले. आज आपल्या छपरांवरच्या सौर पत्र्यांत तेच चालते.

प्रमाण किती लागते? एका घन सेंटिमीटर सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचे एक कोटी अब्ज अणू घातले, तर ते पन्नास लाख सिलिकॉन अणूंमागे एक असे पडते. आधीचे मोकळे इलेक्ट्रॉन हजार कोटी होते, आता दहा लाख पट झाले. एक सेंटिमीटर घनाचा रोध दोन-सव्वादोन लाख ओहमवरून अर्ध्या ओहमच्या आसपास येतो. वजनात हे मोजायचे तर, शंभर किलो सिलिकॉनमध्ये एवढे प्रमाण ठेवायला सुमारे बावीस मिलिग्रॅम फॉस्फरस लागतो. तांदळाचा एक दाणा साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. (प्रत्यक्ष भट्टीत त्याच्या तिप्पट घालावा लागतो, कारण वर सांगितल्याप्रमाणे घनात पस्तीस टक्केच जातो.) इतकी सूक्ष्म वजने कुणी भट्टीपाशी करत बसत नाही. आधी भरपूर फॉस्फरस घातलेल्या सिलिकॉनचे तुकडे करून ठेवतात, त्यांचा रोध मोजून प्रमाण पक्के करतात आणि त्यांतले मोजके ग्रॅम शुद्ध सिलिकॉनमध्ये टाकतात. आमच्याकडे एका शिक्षकांनी याला 'विरजण' म्हटले होते. शब्द गोड आहे, पण चुकीचा. विरजण वाढते, फॉस्फरस वाढत नाही. दुधात केशराची काडी म्हणा हवे तर.

आता त्या मुलीचा प्रश्न. माझ्या सेन्सरमधले सिलिकॉन शुद्ध नव्हते, डोप केलेले होते. त्यातले अशुद्धीचे अणू खोलीच्या तापमानालाच आपापला इलेक्ट्रॉन देऊन मोकळे झालेले होते. गरम पाण्यात बुडवल्यावर नवे इलेक्ट्रॉन आणायचे कुठून? भिंत ओलांडून येणारे अजून नगण्य. म्हणजे वाहणाऱ्यांची संख्या स्थिर. उष्णतेने वाढली ती फक्त अणूंची थरथर, आणि थरथरणाऱ्या अणूंवर आपटत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वाट अवघड झाली. दिव्याच्या तारेत घडते तेच. म्हणून रोध वाढला. शंभर अंशांना तो सेन्सर जवळजवळ सतराशे ओहम दाखवतो आणि या वाढीवरच त्याचा धंदा चालतो.

जर्मेनियमची भिंत मात्र ०.६७ एवढीच, आणि उलट्या दिशेने लावलेल्या डायोडमधून गळतात ते नेमके भिंत ओलांडून आलेले इलेक्ट्रॉन आणि होल. दर दहा अंशांना ही गळती साधारण दुप्पट होते. म्हणून बोटांची ऊबही काट्याला कळते. माझे दोन्ही प्रयोग बरोबर होते. ते दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. सिलिकॉनचा सेन्सर आणखी तापवत नेला तर अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे कुठेतरी भिंत ओलांडणाऱ्यांची संख्या फॉस्फरसने दिलेल्यांवर मात करते आणि रोध कोसळू लागतो. तेव्हा पी आणि एन हा भेदच पुसला जातो, सीमा उरत नाही. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर अति तापले की निकामी होतात त्यामागे हेही एक कारण आहे. त्या मुलीला मी पुढच्या वर्षी हे सांगायला गेलो तेव्हा ती दहावीत होती. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग हिऱ्यात बोरॉन घातला तर?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. पण निसर्गाने ते आधीच केले आहे. निळे हिरे निळे असतात ते बोरॉनमुळे. दहा लाख कार्बन अणूंमागे बोरॉनचे मोजके अणू असले की हिऱ्याच्या त्या प्रचंड भिंतीच्या पायथ्याशी ०.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर एक पायरी तयार होते. सिलिकॉनमधल्या पायरीच्या आठपट उंच, त्यामुळे खोलीच्या तापमानाला थोडेच होल मोकळे होतात. पण पृथ्वीभरात एक इलेक्ट्रॉन असलेल्या पदार्थाच्या मानाने ते अफाट आहेत. ही पायरी तांबड्या टोकाचा प्रकाश थोडा गिळते, उरतो तो निळा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला प्रसिद्ध होप हिरा असाच पी जातीचा अर्धवाहक आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने हिंदुस्थानातून नेलेल्या निळ्या हिऱ्यातून तो कापला गेला, आणि तो मूळचा कोल्लूरच्या खाणीतला समजला जातो. कोल्लूर आंध्रात आहे, आमच्याच कृष्णेच्या काठी.